यादीतला आकडा पानावर आहे का? जमिनीच्या दस्तांचे सारांश नमुन्याने पडताळण्याची रीत

म्हापशातल्या ज्या वकिली कचेरीत मी जमिनीची मालकी, म्हणजे टायटल, तपासायचे काम करतो, तिथे एकदा एका भाटकार, म्हणजे जमीनदार, कुटुंबाचे ४१२ दस्त एकदमच आले. विक्रीपत्रे, बक्षीसपत्रे, वाटण्या, आणि तळाशी पोर्तुगीज काळातली नोटरीची पाने. सगळे स्कॅन केलेले, आणि सोबत एक एक्सेल यादी. यादीत प्रत्येक दस्ताचा दोन ओळींचा सारांश आणि पुढे दहा रकाने होते: दस्ताचा प्रकार, नोंदणी क्रमांक, दस्त केल्याची तारीख, नोंदणीची तारीख, देणारा, घेणारा, गाव, सर्वे नंबर, क्षेत्रफळ आणि किंमत. यादी बाहेरून करून घेतलेली होती, काही सॉफ्टवेअरने आणि काही हाताने टाइप करून. आमच्या वकील सरांनी विचारले, "ही यादी धरून पुढे जाऊ का?"

मी वीस दस्त उघडले. वीसही बरोबर निघाले, म्हणून मी "चालेल" म्हणून सांगितले. तिसऱ्याच दिवशी सर एका जमिनीची फाइल घेऊन आले. यादीत क्षेत्रफळ साडेबारा चौरस मीटर होते. बारदेशात एवढ्या जागेत माडाचे आळेसुद्धा धड बसायचे नाही.

त्यानंतर जे नीट केले, ते आता ऑफिसात नवीन येणाऱ्या मुलांना मी ज्या क्रमाने सांगतो त्याच क्रमाने इथे मांडतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

वीस बरोबर निघाले त्याचे काय झाले

पहिली चूक म्हणजे मी वरचे वीस घेतले. यादी नव्यापासून जुन्याकडे लावलेली होती. म्हणजे मी पाहिलेले सगळे दस्त अलीकडचे, कॉम्प्युटरवर टाइप केलेले, स्वच्छ छापलेले होते. हाताने लिहिलेल्या पानाला मी हातही लावला नव्हता.

दुसरी चूक जरा सूक्ष्म आहे. ते वीस दस्त चिठ्ठ्या टाकून काढले असते, तरी "वीसात शून्य चुका" याचा अर्थ "यादीत शून्य चुका" असा होत नाही. इथे एक जुना सोपा ठोकताळा आहे. नमुन्यात एकही चूक सापडली नाही, तर ३ ला नमुन्याच्या संख्येने भागा. जे येईल ती संपूर्ण गठ्ठ्यातल्या चुकांची वरची मर्यादा, ९५ टक्के खात्रीने. वीसने भागले तर १५ टक्के येतात. याचा अर्थ, शंभरात पंधरा दस्त चुकलेले असतानाही वीसांचा नमुना स्वच्छ निघणे शक्य आहे. साठ पाहून एकही चूक निघाली नाही तर मर्यादा ५ टक्के, आणि तीनशे पाहिले तर १ टक्का. "एक टक्क्याच्या आत चूक" असे लिहून द्यायचे असेल तर तीनशे पाने उघडावी लागतात, त्याला दुसरी वाट नाही.

बरोबर कशाला म्हणायचे, ते आधी कागदावर

एकही पान उघडण्याआधी प्रत्येक रकान्यासाठी नियम लिहून ठेवा. नाहीतर सकाळी जे "चूक" म्हणाल तेच जेवणानंतर "चालते" म्हणाल.

गोव्याच्या दस्तांत नावांचा गोंधळ ठरलेला. आजच्या दस्तात नाईक असतो तो जुन्या पानावर नाईके वाटेल अशा पोर्तुगीज स्पेलिंगने येतो. कामत, केणी, प्रभू यांचीही तीच गत. आम्ही ठरवले की यादीत पानावरचेच स्पेलिंग हवे, आधुनिक करून लिहिलेले नाव ही किरकोळ चूक, आणि माणूसच बदलला तर मोठी चूक. मोठी आणि किरकोळ हे दोन खाने वेगळे ठेवा. किरकोळ चुका मोजायच्या, पण मोठ्यांत मिसळायच्या नाहीत.

तारखेला एकच रूप: दिवस, महिना, वर्ष. ५-३-१९७४ ही मार्चची पाचवी, मेची तिसरी नव्हे. पान पुसट असेल तर "वाचता येत नाही" हा तिसरा निकाल ठेवा. तो बरोबरमध्ये घालू नका आणि चूकमध्येही नको. पान पुसट असूनही यादीत ठाम आकडा असेल तर त्यावर खूण करा, तो आकडा कुठून आला हे विचारायचे आहे.

आणि एक गोष्ट नवीन मुले हमखास विसरतात. आपण तपासतो ते "यादीत जे आहे ते पानावर आहे का" एवढेच. पानावरचे खरे आहे का, हा वेगळा प्रश्न. विक्रीपत्रात क्षेत्रफळ आकड्यांत १२५० आणि अक्षरांत बाराशे पाच असे लिहिलेले आम्ही पाहिले आहे. सारांश करणाऱ्याने तिथे स्वतःच्या मनाने एक निवडायचे नसते, दोन्ही लिहून शेरा मारायचा असतो. तसेच विक्रीपत्रातला आकडा एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या सरकारी नोंदीच्या, उताऱ्याशी जुळला नाही, तर ती सारांशाची चूक नाही. ते टायटलचे काम, आणि ते सरांच्या टेबलावर जाते.

गठ्ठे पाडा, मग चिठ्ठ्या

४१२ दस्त एकसारखे नव्हते, म्हणून त्यांचे तीन गठ्ठे केले. पहिल्यात कॉम्प्युटरवर टाइप केलेले अलीकडचे २३०. दुसऱ्यात १९६१ नंतरचे, टाइपरायटरवरचे किंवा हाताने लिहिलेले इंग्रजी दस्त, १३८. तिसऱ्यात पोर्तुगीज, ४४. चुका कुठे दाटीने असतील त्याप्रमाणे गठ्ठे पाडायचे. आमच्या गठ्ठ्यात अडचण लिपी आणि भाषेची होती. तुमच्याकडे कदाचित ती तालुक्याची असेल, किंवा कोणी टाइप केले याची.

पहिल्या दोन गठ्ठ्यांतून प्रत्येकी ६० काढले. पोर्तुगीज ४४ सगळेच घेतले, कारण एवढ्या लहान गठ्ठ्यातून नमुना काढून वेळ फारसा वाचत नाही.

काढताना बोट ठेवून निवडू नका. माणूस नकळत सोपी, बारीक फाइल निवडतो. "दर दहावा" ही पद्धतही जपून वापरावी. यादी दहा-दहाच्या बंडलांनी केलेली असेल तर दर वेळी बंडलातल्या त्याच जागेचा दस्त येत राहील. एक्सेलमध्ये काम करायचे तर दस्तांच्या शेजारच्या रकान्यात `=RAND()` भरा, तो रकाना कॉपी करून नुसत्या व्हॅल्यूज म्हणून परत चिकटवा, आणि मग त्याप्रमाणे क्रम लावून वरचे ६० घ्या. व्हॅल्यूज म्हणून चिकटवायचे विसरलात तर शीट हलले की आकडे बदलतात आणि नमुना दर वेळी नवा निघतो. `=RANDBETWEEN(1,230)` वापरणारे बरेच असतात, पण त्यात तोच आकडा दोनदा येतो. पायथन येत असेल तर एवढे पुरते:

```python
import random
random.seed(412)
print(sorted(random.sample(range(1, 231), 60)))
```

यातला `seed` महत्त्वाचा आहे. तो लिहून ठेवला की उद्या कोणी विचारले, "हेच साठ का?", तर त्याच्यासमोर पुन्हा चालवून तेच साठ काढून दाखवता येतात.

पान आधी, यादी नंतर

सगळ्या पद्धतीत मला सर्वात जास्त फरक पडलेला दिसला तो इथे. यादीतला आकडा आधी वाचून मग पानावर शोधायला गेलात, तर डोळा तोच आकडा शोधतो आणि सापडला की थांबतो. पान चारवर एकूण मालमत्तेचे क्षेत्रफळ असते आणि पान नऊवर विकलेल्या तुकड्याचे. यादीत पान चारचा आकडा असेल, तर तो "सापडला" म्हणून तुम्ही टिक करून पुढे जाता. पानावर आहे, पण चुकीच्या जागचा आहे.

म्हणून दोन माणसे लागतात, किंवा एकाच माणसाचे दोन वेगळे टप्पे. पहिल्याला फक्त दस्त द्यायचा. तो पान वाचतो आणि तपासणीच्या शीटमध्ये दस्त क्रमांक, रकाना, पानावर दिसले ते आणि पान क्रमांक भरतो. यादीत जे लिहिले आहे तो रकाना तोवर लपवलेला. सगळे भरून झाले की दुसरा माणूस तो उघडतो. शीटमध्ये C रकान्यात पानावरचे आणि E मध्ये यादीतले असेल तर न जुळणाऱ्या ओळी अशा निघतात:

```
=IF(TRIM(C2)=TRIM(E2),"OK","SEE")
```

`SEE` आलेली प्रत्येक ओळ चूक असतेच असे नाही. काही वेळा वाचणाराच चुकलेला असतो. त्या ओळीचे पान दोघांनी मिळून पुन्हा पाहायचे आणि मगच निकाल लिहायचा.

पान क्रमांक म्हणजे पीडीएफचा, दस्तावर हाताने टाकलेला नव्हे. पुढे जोडलेले नकाशे आणि पावत्यांमुळे हे दोन आकडे जुळत नाहीत, आणि पुन्हा बघणारा भलत्याच पानावर जाऊन "इथे तर काहीच नाही" म्हणतो.

आमच्या ऑफिसातली एक मुलगी पहिल्या दिवशी कंटाळून म्हणाली, "दादा, लपवून कशाला, मी प्रामाणिक आहे." प्रामाणिकपणाचा प्रश्नच नव्हता. तिच्याच हातून दहा दस्त आधी उघड्या यादीने तपासून घेतले आणि चार दिवसांनी तेच लपवून. उघड्या यादीने एक चूक सापडली होती, लपवून चार.

उलट दिशेने चाललात तरच गाळलेले दिसते

यादीकडून पानाकडे गेलात तर चुकीचे लिहिलेले सापडते. लिहिलेच नसेल ते कसे सापडणार? त्यासाठी पानाकडून यादीकडे यावे लागते. पान वाचताना दस्तात जी नावे, जे सर्वे नंबर, जे हिस्से दिसतात ते सगळे उतरवायचे आणि मग यादीत ते आहेत का बघायचे.

गोव्यात ही दिशा सोडून चालत नाही. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कौटुंबिक कायदा अजून लागू आहे, आणि लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. त्यामुळे जमीन विकताना दोघांची सही लागते. दस्तात "अमुक आणि त्यांची पत्नी तमुक" असे असते. आमच्या यादीत देणाऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी दोघे होते, पण दुसऱ्या गठ्ठ्यातल्या ६० पैकी सात दस्तांपुढे फक्त पुरुषाचे नाव होते. यादी वाचून असे वाटले असते की बायकोने सहीच केली नाही, म्हणजे विक्रीतच खोट आहे. पानावर सही होती. यादी वाचून सरांनी उगाच सात नोटिसा काढल्या असत्या.

तसेच मुखत्यारपत्राचे. विकणारा आखातात किंवा लिस्बनला, आणि इथे भाऊ त्याच्या वतीने सही करतो. सारांशात भावालाच विकणारा म्हणून टाकलेले असते. पहिल्या पानावर त्याचे नाव ठळक असते आणि "च्या वतीने" हे शब्द दोन ओळी खाली, म्हणून हे होते. ही चूक आठवून शोधायची, ती आपसूक दिसत नाही.

साडेबारा मीटरचे भाट

आता त्या साडेबारा चौरस मीटरच्या जमिनीकडे येऊ.

एक-चौदाच्या उताऱ्यावर क्षेत्रफळ हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे तीन तुकड्यांत छापलेले असते, मध्ये टिंबे देऊन. त्या जमिनीच्या उताऱ्यावर `0000.12.50` असे होते. वाचायचे ते असे: शून्य हेक्टर, बारा आर, पन्नास चौरस मीटर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणून बारा आर म्हणजे १२००, अधिक ५०, मिळून १२५० चौरस मीटर. ज्याने उतरवले त्याने पुढची शून्ये टाकली, शेवटचे टिंब दशांशाचे धरले आणि १२.५० लिहिले. शंभरपट कमी.

पोर्तुगीज पानांवर नेमकी उलटी गंमत असते. तिथे टिंब हजार वेगळे करायला वापरतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम. `1.250` म्हणजे बाराशे पन्नास. आपल्याकडे वाचणारा सव्वा लिहून मोकळा होतो. हजारपट कमी. त्यात हाताने लिहिलेला एक वर लांब रेघ काढून लिहिलेला असतो, तो सातासारखा दिसतो. खरा सात बहुधा मध्ये आडवी रेघ मारून लिहितात. ती रेघ दिसेपर्यंत सात लिहू नका.

तिसरी चूक पानावर नव्हतीच, ती एक्सेलमध्ये होती. सर्वे नंबर आणि त्याचा पोटविभाग `12/3` असा टाइप केला की एक्सेल त्याची तारीख करते. `45/1-A` तसाच राहतो, कारण त्याची तारीख होऊच शकत नाही. त्यामुळे रकान्यात सगळे ठीक दिसते आणि ज्यांचे दोन्ही आकडे तारखेत बसतात तेवढेच सर्वे नंबर बिघडतात. ओळखायची खूण अशी, की बाकीचे नंबर खान्याच्या डाव्या कडेला चिकटलेले असतात आणि बिघडलेले उजव्या कडेला. रकाना आधी टेक्स्ट करून मगच त्यात चिकटवायचे. एकदा तारीख झालेला नंबर नंतर टेक्स्ट करून परत येत नाही, त्याच्या जागी पाच आकडी संख्या येते. मग पानावरूनच पुन्हा घ्यावा लागतो.

अशा चुकांसाठी नमुना पुरा होण्याची वाटही बघावी लागत नाही. साऱ्या ४१२ ओळींवर चाळण्या लावा: क्षेत्रफळ ५० पेक्षा कमी असलेले दाखव, सर्वे नंबर आकडा म्हणून साठवलेले दाखव, नोंदणीची तारीख दस्ताच्या तारखेच्या आधीची असलेले दाखव. शेवटच्या चाळणीला आणखी एक जोड देता येते. नोंदणी कायद्याप्रमाणे दस्त केल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी सादर करायचा असतो, उशीर झाला तर दंड भरून थोडी सवलत मिळते. म्हणून दोन तारखांत चार महिन्यांहून जास्त अंतर दिसले की ते पान उघडायचे. आमच्याकडे अशा अकरा ओळी निघाल्या, त्यांतल्या आठांत दिवस आणि महिना उलटे झालेले होते. उरलेल्या तिघांना खरोखरच उशीर झाला होता.

पण चाळणीला मर्यादा आहे. ती अशक्य तेवढे पकडते. १२५० च्या जागी १३५० आले तर ते अगदी शक्य दिसते, आणि ते फक्त पान उघडूनच सापडते.

आकडा सांगताना

तिन्ही गठ्ठे मिळून १६४ दस्त तपासून झाले. दहा रकाने धरले तर १६४० खाने. त्यांत मोठ्या चुका ४१. कोणीही म्हणेल, साडेसत्त्याण्णव टक्के बरोबर, छान आहे. यादी करून देणाऱ्यांनीही असाच आकडा दिला होता आणि तो खोटा नव्हता. पण दस्ताचा प्रकार आणि गाव हे रकाने जवळजवळ कधीच चुकत नाहीत. ते सरासरी वर ओढतात आणि क्षेत्रफळ त्यांच्या मागे लपते. म्हणून हिशेब रकान्यागणिक करायचा, आणि शिवाय किती दस्तांत निदान एक मोठी चूक आहे तेही मोजायचे. आमच्याकडे असे २९ दस्त होते, म्हणजे दर सहा फायलींत जवळपास एक.

नुसते क्षेत्रफळ घेऊ. पहिल्या गठ्ठ्यात ६० पैकी शून्य चुका, दुसऱ्यात ६० पैकी ४, पोर्तुगीज ४४ पैकी ९. नवखा माणूस सगळ्यांची बेरीज करतो: १६४ पैकी १३, म्हणजे सुमारे ८ टक्के. हे चूक आहे, कारण पोर्तुगीज गठ्ठा आपण मुद्दाम पूर्ण तपासला, तो नमुन्यात त्याच्या वाट्यापेक्षा जास्त आला. नीट हिशेब असा. दुसऱ्या गठ्ठ्यात ६० ला ४, तर १३८ ला अंदाजे ९. पोर्तुगीजमधल्या ९ मोजलेल्याच आहेत. पहिल्यातून शून्य. एकूण १८, भागिले ४१२, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आत-बाहेर.

आणि वरची मर्यादा? शून्य चुकांना ३ होता. एक चूक असेल तर ४.७, दोनला ६.३, तीनला ७.८, चारला ९.२. या आकड्याला नमुन्याने भागायचे. दुसऱ्या गठ्ठ्यात चार चुका, म्हणून ९.२ भागिले ६०, सुमारे १५ टक्के. नमुना गठ्ठ्याच्या निम्म्याच्या जवळपास असल्यामुळे खरी मर्यादा याच्या थोडी खालीच असते, पण सरांना सांगायला कडक बाजूचा आकडा बरा. मी सांगितले, "पहिल्या गठ्ठ्यात क्षेत्रफळाच्या चुका पाच टक्क्यांहून जास्त नसाव्यात. दुसऱ्यात साताच्या आसपास दिसतात, पण पंधरापर्यंत असू शकतात."

चूक दुरुस्त करून थांबू नका

सापडलेल्या चार चुका यादीत दुरुस्त केल्या की काम झाले असे वाटते. पण त्या चार म्हणजे गठ्ठ्यातल्या न पाहिलेल्या पाच-सहांची भावंडे आहेत, आणि ती अजून यादीत बसलेली आहेत. म्हणून प्रत्येक चुकीसमोर कारण लिहायचे.

आमच्या चारांपैकी तिघांचे कारण एकच निघाले. त्या दस्तांना शेवटी दोन परिशिष्टे होती, पहिल्यात मूळ मालमत्तेचे पूर्ण वर्णन आणि दुसऱ्यात विकलेल्या भागाचे. उतरवणाऱ्याने पहिले परिशिष्ट सापडताच आकडा घेतला आणि पुढचे पान पाहिलेच नाही. हे कळल्यावर काम सोपे झाले: दुसऱ्या गठ्ठ्यातले दोन परिशिष्टांचे सगळे दस्त बाजूला काढले. ते २६ निघाले. सव्वीसही उघडले, आणि नमुन्यातल्या तिघांशिवाय आणखी चार चुका हाती आल्या. चौथ्या चुकीला धड कारण सापडले नाही. पाच लिहायच्या जागी सहा टाइप झाला होता, बस्स.

पोर्तुगीज नऊ चुकांत टिंबाच्या चुका सहा होत्या. राहिलेल्या तिघांत क्षेत्रफळाच्या रकान्यात भलताच नंबर शिरला होता. जुन्या पानांवर एकाच जमिनीला तीन नंबर असतात. एक नोंदवहीतल्या जमिनीच्या वर्णनाचा, त्याला देस्क्रिसांव म्हणतात. दुसरा ती कोणाच्या नावावर चढली त्याचा, इन्स्क्रिसांव. आणि तिसरा करवहीतला मात्रीझ. भाषा न येणाऱ्याला हे तिन्ही नुसते आकडेच दिसतात, आणि मग त्यातला कुठलाही कुठेही जातो. इथे दुरुस्तीचा एकच उपाय होता. आम्ही ४४ ही दस्त पोर्तुगीज वाचता येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांकडे दिले आणि तो भाग यादीतून काढून नव्याने करून घेतला.

दुरुस्तीनंतर पुन्हा तपासायचे, आणि तेव्हा नमुना नवा घ्यायचा. जुनेच साठ पुन्हा पाहिलेत तर ते बरोबरच निघणार, आपणच ते दुरुस्त केले आहेत. दुसऱ्या गठ्ठ्यात न पाहिलेले जे उरले होते त्यांतून नवा `seed` घालून आणखी ४० काढले. क्षेत्रफळात एकही चूक नव्हती. ३ भागिले ४०, साडेसात टक्के. सरांना हे पुरेसे वाटले नाही. ज्या जमिनींवर लगेच व्यवहार व्हायचा होता त्यांचे क्षेत्रफळ, सर्वे नंबर आणि नावे हे तीन रकाने नमुना न धरता सगळेच तपासायला सांगितले. ते माझ्या मते योग्यच होते. ज्या रकान्यातल्या एका चुकीने व्यवहार अडतो, तो रकाना नमुन्यावर सोडायचा नसतो.

टाइप केलेल्या दस्ताला साधारण सात-आठ मिनिटे लागतात, हाताने लिहिलेल्याला पंधरा, आणि पावसाळ्यात ओल येऊन शाई पसरलेल्या पानाला किती ते सांगता येत नाही. दुपारी जेवणानंतर पहिली वीस मिनिटे तपासणीला बसू नका, तेव्हा सगळेच `OK` दिसते.

शेवटी यादीसोबत एक पानाची नोंद जोडली. तीत गठ्ठे कसे पाडले, प्रत्येकातून किती काढले, `seed` कोणता, नियम कोणते, रकान्यागणिक चुका किती आणि कशामुळे, कोणते रकाने पूर्ण तपासले आणि कोणते फक्त नमुन्याने, एवढेच. "वाचता येत नाही" असे सहा दस्त होते, त्यांचे क्रमांक वेगळे दिले आणि त्यांच्या प्रमाणित नकला मागवायला अर्ज केला. त्यांतल्या दोन नकला अजून यायच्या आहेत, आणि यादीत त्या दोन ओळींचे खाने आम्ही रिकामेच ठेवले आहेत.